सर, काही ओपनिंग आहे का?

वेबिनार संपायला अजून वीस मिनिटं आहेत. वक्ते पडद्यावर मोटरच्या कंपनांचा आलेख दाखवतायत आणि तुम्ही गंगापूर रोडच्या खोलीत कॅमेरा बंद करून आडवे झाला आहात. नोकरी मागायची वेळ हीच. ते वाक्याच्या मध्यावर असताना चॅटमध्ये टाका : ‘सर, तुमच्या कंपनीत फ्रेशरसाठी काही ओपनिंग?’ पुढे हात जोडलेले तीन इमोजी. तुमचं पाहून आणखी पंधरा जण तेच टाकतील, मग कुणीतरी ‘सर पीपीटी मिळेल का’ विचारेल, आणि आलेखाबद्दल एखाद्याने खरोखर काही विचारलं असेल तर ते त्या ढिगाखाली व्यवस्थित गाडलं जाईल.

आलेख बघायची गरज नाही. ई-सर्टिफिकेट हजेरीवर मिळतं.

सत्र संपलं की वक्त्यांना लिंक्डइनवर शोधून सविस्तर निरोप पाठवा. सुरुवात ‘आदरणीय सर/मॅडम’ अशी करा. तासभर तुम्ही ज्यांचा चेहरा पाहिलात ते सर आहेत की मॅडम, या भानगडीत आपण कशाला पडायचं? मग लिहा, ‘आजचं सत्र अत्यंत माहितीपूर्ण होतं.’ कशाची माहिती, हे लिहू नका. ‘आपल्या नामांकित कंपनीत कुठल्याही पदावर, कुठेही काम करण्यास मी तयार आहे.’ कंपनीचं नाव मात्र चुकूनही घालू नका, कारण हाच मजकूर परवा द्राक्षप्रक्रियेच्या वेबिनारला वापरायचा आहे आणि एका ठिकाणी नाव बदलायचं राहून गेलं की पंचाईत होते.

‘कुठल्याही पदावर’ हे तर फारच छान. कंपनांचं विश्लेषण करणारा हा माणूस आता तुमचा कागद घेऊन मेंटेनन्स, क्वालिटी, परचेस आणि सेल्स अशा चारही साहेबांच्या केबिनबाहेर उभा राहील. त्याला दुसरं काम काय? नाशिक सोडून पुण्याला जाणं घरच्यांना चालणार नाही, हे तुम्ही फोनवर हळूच सांगालच. मोटरवर सेन्सर लावायचं काम घरून करता येईल का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

रेझ्युमे ड्राइव्हच्या लिंकवरून पाठवा आणि लिंक कुलूपबंद ठेवा. वक्त्यांनी आधी परवानगी मागावी, तुम्ही दोन दिवसांनी ती द्यावी, मग त्यांना Resume_Final_New(3).pdf चं दर्शन घडावं.

आता एक वाईट उदाहरण सांगतो, म्हणजे तुम्ही त्या वाटेला जाणार नाही. आमच्या शेजारची पल्लवी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तीही याच सत्राला होती. बाईने चॅटमध्ये एक अक्षर टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वक्त्यांना हे असलं काहीतरी लिहिलं :

‘नमस्कार सर. कालच्या सत्रात तुम्ही १४४० आरपीएमच्या मोटरचा आलेख दाखवलात. त्यात २४ हर्ट्झचं टोक छोटं होतं आणि ८६ च्या आसपासचं मोठं, म्हणून दोष असमतोलाचा नसून बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगचा, असं तुम्ही सांगितलंत. आमच्या पंपांवर मी हातातल्या मीटरने फक्त एकूण कंपन मोजते. तो आकडा वाढला की काहीतरी बिघडलंय एवढं कळतं, काय बिघडलंय ते कळत नाही, हे काल ध्यानात आलं. तुमच्या कंपनीच्या करिअर पानावर पुण्यासाठी कंडिशन मॉनिटरिंग इंजिनिअरची जागा दिसते. तिला दोन वर्षांचा अनुभव हवाय, माझा चौदा महिन्यांचा आहे. तरी अर्ज करण्यात अर्थ आहे का, की तुमच्या टीममध्ये नवीन माणूस वेगळ्या पदावर घेतात? दोन ओळीत सांगितलंत तरी पुरे.’

चुका मोजा. तिने १४४० ला साठने भागून सेकंदाला २४ फेऱ्या काढल्या. रोटर एका बाजूला जड असेल तर धक्का फेरीला एकदाच बसणार, म्हणजे टोक २४ लाच उठणार, हे तिला समजलं. बाहेरच्या रिंगमध्ये खड्डा पडला असेल तर त्या बेअरिंगच्या साडेतीनहून थोड्या जास्त गोळ्या दर फेरीला त्यावरून जाणार, म्हणून ८६, हेही समजलं. म्हणजे मुलगी सत्र ऐकत होती! त्यावर कडी म्हणजे करिअरचं पान आधीच वाचून आली, स्वतःचा कमी अनुभव स्वतःच सांगून बसली, रेझ्युमे जोडला नाही आणि नोकरी मागितलीच नाही. विचारलं काय, तर त्या टीममधल्या माणसालाच ठाऊक असेल आणि त्याला चहा पिता पिता उत्तर देता येईल, असं काहीतरी.

संध्याकाळी उत्तर आलं. त्या जागेवरच्या माणसाला गिऱ्हाइकाच्या कारखान्यात एकट्याने जावं लागतं, म्हणून दोन वर्षांची अट सुटणार नाही. पण आलेले आलेख ऑफिसात बसून वाचायचं एक ज्युनिअर पद एप्रिलमध्ये मंजूर व्हायची शक्यता आहे. ते पानावर आलं की जॉब आयडी आणि रेझ्युमे पाठव. आणि आधी स्वतः अर्ज भरू नकोस, कारण आमच्या सिस्टिममध्ये एकदा उमेदवाराचा अर्ज आला की नंतर रेफरल जोडता येत नाही.

बघा, हाती काय लागलं? माहिती. ऑफर लेटर कुठाय?

तुम्ही सरळ ‘सर, रेफर करा’ म्हणा. कुठल्या जागेसाठी ते त्यांचं ते पाहतील. बऱ्याच कंपन्यांत रेफरल एका ठरावीक जागेच्या नावानेच भरावं लागतं म्हणे. त्यात ‘उमेदवाराला कसे ओळखता?’ असाही रकाना असतो कुठे कुठे. पल्लवीसाठी तिथे लिहायला त्यांच्याकडे निदान ते ८६ हर्ट्झ आहेत. तुमच्यासाठी ते बिनदिक्कत लिहू शकतात : ‘यांनी मला हात जोडलेले तीन इमोजी पाठवले होते.’

राहिला पाठपुरावा. पल्लवीने आभाराच्या दोन ओळी लिहिल्या आणि आता एप्रिलपर्यंत गप्प बसणार आहे. इतका गारठा नाशिकच्या थंडीतही नसतो. तुम्ही चाळीस मिनिटांनी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवा. रात्री ‘सर?’ पाठवा. सकाळी कुठून तरी नंबर मिळवून गुड मॉर्निंगचं फूल पाठवा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीच्या अरंगेत्रमचा फोटो टाकलेला दिसेल, त्याखाली ‘अभिनंदन सर, माझा रेझ्युमे पाहिलात का?’ असं विचारा. म्हणजे त्यांच्या आत्याबाईंनाही तुमचं नाव कळेल.

एवढं झाल्यावर ते बहुधा लिहितील, ‘आमच्या करिअर पानावर जागा दिसतात, तिथे पाहा.’ हा अपमान गिळू नका. लगेच कळवा : ‘सर, तिथेच बघायचं असतं तर तुमच्या वेबिनारला कशाला बसलो असतो?’