चोवीस तारखेचा मेल बारा तारखेला

दर महिन्याच्या चोवीस तारखेला आम्हाला क्लाउडवाल्याचा एक मेल येतो. बजेटच्या ऐंशी टक्के खर्च झाला, असं त्यात असतं. बजेट सहा हजार डॉलरचं, रोजचा खर्च साधारण दोनशे, म्हणजे चोवीस दिवसांत चार हजार आठशे, हिशोब इतका सरळ की तो मेल अलार्म राहिलाच नव्हता, कॅलेंडर झाला होता. मेल आला की समजायचं महिना संपत आला. मी तर तो थेट एका फोल्डरमध्ये जाईल असा नियमच लावून ठेवला होता, आणि त्या फोल्डरचं नाव काय तर "नंतर बघू".

तर या महिन्यात बारा तारखेला सकाळी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. म्हणाल्या, "अहो, तो तुमचा चोवीस तारखेचा मेल आजच आलाय." मी म्हटलं, "मॅडम, चुकून आला असेल." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "पैसे मागणारा मेल चुकून येत नाही हो." एवढं बोलून फोन ठेवला. पंचवीस वर्षं हिशोब बघितलेल्या बाईचा अनुभव आणि माझा फोल्डर, यात कोण जिंकणार ते मला तिथेच कळलं.

खर्चाचा ग्राफ उघडला. रोजचे खांब लावले. एक, दोन तारीख गुडघ्याएवढी, तीन तारखेला संध्याकाळी काहीतरी बिनसलेलं, आणि चारपासून पुढे सगळे खांब डोक्याच्या वर, एकसारखे, कंपासपेटीतल्या पट्टीने आखल्यासारखे. ही एकसारखी उंची बघूनच खरं तर कळायला हवं होतं. ट्रॅफिक वाढल्याने खर्च वाढला असता तर रात्री कमी, दिवसा जास्त, रविवारी सुस्त असं काहीतरी दिसलं असतं, कारण माणसं झोपतात. इथे तासातासाचं बघितलं तर रात्री तीन वाजता पण तेवढाच खर्च. म्हणजे हे काम माणसांचं नाही, लूपचं आहे.

ग्राफ सर्व्हिसप्रमाणे फोडला तर दोन गोष्टी फुगलेल्या. एक लॉग्सची, म्हणजे प्रोग्रॅमने आपण काय केलं ते लिहून ठेवलेल्या नोंदींची, ती समजली. दुसरी `EC2-Other`, म्हणजे सर्व्हरच्या भाड्यासोबतचं "इतर". आता हे "अदर" म्हणजे घरखर्चाच्या वहीतलं "किरकोळ" असतं ना, तसं आहे. दूध अमुक, किराणा तमुक, आणि किरकोळ सगळ्यात जास्त. मग ग्राफ युसेज टाइपप्रमाणे फोडला, तेव्हा आतला माणूस बाहेर आला: `DataTransfer-Regional-Bytes`. आणि लॉग्सच्या बाजूला `DataProcessing-Bytes`. पहिल्याचे दिवसाला एकोणसत्तर डॉलर, दुसऱ्याचे दोनशे एकोणसाठ. पाठवायचे मेसेज ज्या रांगेत उभे राहतात तिचं म्हणजे क्यूचं बिलही थोडं सुजलं होतं, पण मोठा जावई समोर असताना धाकट्याकडे कोण बघतो.

हे रीजनल बाइट्स प्रकरण मॅडमना समजवताना माझी जी फेफे उडाली ती सांगतोच. आपले सर्व्हर तीन झोनमध्ये असतात, म्हणजे एकाच गावातल्या तीन वेगळ्या इमारती समजा, एकीतली वीज गेली तरी बाकी दोन चालू राहाव्यात म्हणून. झोनच्या आतल्या आत डेटा फिरवला तर फुकट. पण या झोनमधून त्या झोनमध्ये गेला की जीबीमागे एक सेंट. "एक सेंट म्हणजे काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. म्हटलं थांबा, निघताना एक सेंट आणि पोचल्यावर एक सेंट, दोन्ही आपल्याच खात्यावर. "म्हणजे या खोलीतून त्या खोलीत जायचं आणि दोन्ही दारांवर टोल आपणच भरायचा?" हो. "आणि घर आपलंच?" भाड्याचं, पण हो.

आता कोण एवढा डेटा उचलून इकडून तिकडे नेतोय ते शोधायचं. लॉग्सचा चोर पटकन सापडला, कारण प्रत्येक लॉग ग्रुपचा `IncomingBytes` नावाचा मेट्रिक फुकट मिळतो, तो सगळ्या ग्रुपसाठी लावून मोठ्यापासून लहानाकडे रचला की झालं. बाकी सगळ्या सर्व्हिसेस मिळून दिवसाला चाळीस जीबी, आणि एकटी नोटिफिकेशनवाली सर्व्हिस पाचशे अठरा जीबी. या सर्व्हिसचं काम काय, तर लोकांना मेसेज पाठवणं. दिवसाला वीसेक हजार मेसेज. वीस हजार मेसेजसाठी पाचशे जीबी लॉग म्हणजे एका पोस्टकार्डाला एक ट्रंक भरून पावत्या.

इथे माझ्या पोटात पहिला गोळा आला, कारण दोन महिन्यांपूर्वी एक बग शोधताना त्या सर्व्हिसचं `LOG_LEVEL` मी `debug` केलं होतं, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहून ठेव. अर्ध्या तासासाठी. तो अर्धा तास अजून चालू होता. पण मी काही बोललो नाही, चेहऱ्यावर तपास अधिकाऱ्याचे भाव ठेवून म्हटलं, "हं, इंटरेस्टिंग."

आणि माझ्या बचावात एक गोष्ट खरी होती. डीबगमध्ये प्रत्येक मेसेजमागे आख्खी टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा साचा, लॉगमध्ये छापली जात होती, साधारण चाळीस केबी. वीस हजार मेसेज गुणिले चाळीस केबी, दिवसाला पाऊण-एक जीबी. लॉग आत घ्यायचा दर जीबीला पन्नास सेंट. म्हणजे माझा गुन्हा दिवसाला चाळीस सेंटचा. दोन महिने कुणाला दिसला नाही तो उगाच नाही. मग तीन तारखेला असं काय झालं?

दरम्यान आमच्या ज्युनियर पोराने झोनमधला ट्रॅफिक बघायला फ्लो लॉग्स, म्हणजे कुठून कुठे किती डेटा गेला त्याच्या नोंदी, चालू करायची तयारी केली, आणि ते पाठवत कुठे होता? त्याच लॉग सर्व्हिसमध्ये, सगळ्या नेटवर्कचे, कायमचे. खर्च का वाढला ते कळायला खर्चाची नवी खिडकी. त्याचा हात धरला, म्हटलं फक्त त्या सर्व्हिसच्या सबनेट्सचे, अर्धा तास, आणि मग बंद. बंद केल्याचं मला दाखव, कारण अर्ध्या तासाच्या बाबतीत या टीमचा रेकॉर्ड बरा नाही. कोणाचा ते नाही सांगितलं. मग कोण कोणाला सगळ्यात जास्त पाठवतोय ते त्या नोंदींना विचारलं:

```
stats sum(bytes) as total by srcAddr, dstAddr
| sort total desc
| limit 10
```

दहाच्या दहा ओळींत पाठवणारा एकच पत्ता: आम्हीच चालवत असलेली कॅशे, म्हणजे सारखा लागणारा डेटा हाताशी ठेवायचं कपाट, जी एका झोनमध्ये एकटीच बसलेली. घेणारे सगळे नोटिफिकेशनचे पॉड, म्हणजे त्याच सर्व्हिसच्या चालू असलेल्या प्रती, तीन झोनमध्ये सारखे वाटलेले. म्हणजे दर तीन वाचनांतली दोन टोल भरून. कोड बघितला तर प्रत्येक मेसेजसाठी ही सर्व्हिस कॅशेतून दहा भाषांच्या टेम्प्लेट्सचा आख्खा चारशे केबीचा गठ्ठा आणते, त्यातली एक भाषा निवडते, ती (माझ्या कृपेने) लॉगमध्ये छापते, आणि बाकी नऊ फेकून देते. एक साडी दाखवा म्हटल्यावर आख्खं कपाट खाली काढणारा दुकानदार असतो, तसं. पण हेही वर्षभर चालूच होतं.

शेवटी मेसेजची संख्या बघितली. बाहेर गेलेले मेसेज दिवसाला वीस हजारच. प्रयत्न मात्र सेकंदाला दीडशे. आणि हे दीडशे प्रयत्न कोणाचे, तर फक्त सदतीस मेसेजचे.

झालं असं होतं. या सदतीस लोकांच्या खात्यात भाषेचा रकाना रिकामा होता. रिकाम्या भाषेची टेम्प्लेट नाही, म्हणून एरर (डीबगमध्ये मग आधी पहिली भाषा छापून घ्यायची, ती वेगळी गंमत). एरर आला की मेसेज परत रांगेत. त्यासाठी आमच्याकडे व्यवस्था होती बरं का, पाच वेळा फेल झाला की मेसेज डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे न गेलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत, जाऊन पडायचा. पण तीन तारखेला ज्युनियरने एक "सुधारणा" केली. मेसेज फेल झाल्यावर तो रांगेला परत करण्याऐवजी जुना डिलीट करायचा आणि तसाच नवा टाकायचा, ताबडतोब. रांगेच्या दृष्टीने तो कोरा करकरीत मेसेज. किती वेळा उचलला? पहिल्यांदाच. पाचाचा आकडा कधी येणारच नाही. मरण नाही, फक्त पुनर्जन्म. मी कॅल्क्युलेटर काढला, सेकंदाला दीडशेच्या हिशोबाने साडेपंधरा तासांत चौऱ्याऐंशी लाख जन्म पूर्ण. माणसाला जे भोगायला युगं लागतात ते या सदतिसांनी पहिल्या दिवशीच उरकलं, आणि मोक्ष काही नाही, परत पहिल्यापासून.

आणि प्रत्येक जन्मात चारशे केबी टोल ओलांडून आणायचे, चाळीस केबी लॉगमध्ये ओतायचे. गुणाकार केला तर दोन्ही आकडे बिलाशी जुळले, अगदी डॉलरला डॉलर. इतका स्वच्छ ताळा शाळेत माझा कधी आला नव्हता.

ज्युनियर रडवेला झाला होता. म्हटलं अरे, तो बदल रिव्ह्यू कोणी केला ते तरी बघ. त्याने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी चहा घ्यायला गेलो.

दुरुस्ती म्हणाल तर पाऊण तासाची. लॉग लेव्हल `info`. मेसेज फेल झाला तर डिलीट न करता रांगेलाच परत, म्हणजे मोजदाद चालू राहते. टेम्प्लेटचा गठ्ठा प्रत्येक पॉडच्या स्वतःच्या मेमरीत पाच मिनिटं ठेवायचा, म्हणजे टोल नाक्यावर जायचं कारणच कमी. मिनिटाभरात सदतीसच्या सदतीस मेसेज डेड लेटर क्यूमध्ये जाऊन पडले, गप्प.

मी उत्साहात ते साडेचार हजार जीबी लॉग डिलीट करायला निघालो, तेव्हा लक्षात आलं की पैसे लॉग आत घेतानाचे असतात. आत आला, मीटर पडला. आता पुसून वाचणार ते फक्त साठवणुकीचे, जीबीला महिन्याचे तीन सेंट, तेही कॉम्प्रेस करून. आणि त्या ग्रुपवर मुदत काय लावलेली, तर `Never expire`, कारण आपण काही न सांगितल्यास तीच असते. शिवाय ज्युनियरने पुरावा म्हणून नऊ दिवसांच्या सगळ्या लॉग्सवर एकच सर्च मारला होता. सर्चचे जीबीला अर्धा सेंट, म्हणजे एका नजरेचे तेवीस डॉलर. नीट दिसलं नाही म्हणून त्याने परत मारला.

एकूण फटका तीन हजार शंभरच्या आसपास. मॅडमना सांगितलं, बजेटचा मेल तर येऊ दे, पण आता रोजच्या खर्चावरही वेगळा अलार्म लावलाय, दोनशे साठच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी कळेल. "आणि तो मेल कुठल्या फोल्डरमध्ये जाणार?" त्यांनी विचारलं.

भाषेचा रकाना रिकामा असेल तर इंग्रजी, असं करून संध्याकाळी ते सदतीस मेसेज परत सोडले. एका झटक्यात गेले सगळे. काय मेसेज होता तेव्हा पहिल्यांदा वाचला: "आपले बिल तयार आहे. कृपया मुदतीत भरावे."

दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका ग्राहकाची तक्रार आली, बिल झाल्याचं नऊ दिवसांनी कळवलंत, लेट फी माफ करा. मॅडमनी ती माझ्याकडे पुढे पाठवली, वर एक ओळ लिहून: "तुमचं मत?"

मी पूर्ण माफ केली. अशा वेळी माणसाला काय वाटतं ते मला माहीत होतं.