कर्ज फेडता आलं नाही म्हणून तुरुंग? मानवी हक्कांचा जाहीरनामा कोर्टात कसा चालतो

आमच्या भाचीला बारावीच्या राज्यशास्त्रात लघुनिबंध आलाय : ‘मानवी हक्कांचे जाहीरनामे अंमलात आणता येतात का?’ तिने गाईडमधलं उत्तर उतरवलं होतं. जाहीरनामा नैतिकदृष्ट्या मोलाचा, पण कायद्याने बंधनकारक नाही, झालं. चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. मी जळगाव जिल्ह्यात दिवाणी वकिली करतो, आणि दरखास्तींच्या, म्हणजे कोर्टाचा निकाल अंमलात आणून घेण्याच्या, कामात हा प्रश्न पार वेगळा दिसतो.

१० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने ४८ मतं, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. तो ठराव होता, करार नव्हे, त्यामुळे तो हातात घेऊन कोर्टात दावा लावता येत नाही. त्यातल्या हक्कांना कराराचं रूप मिळालं १९६६ मध्ये, दोन करारांतून. भारत त्यांत सामील झाला एप्रिल १९७९ मध्ये. त्यातल्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचं कलम ११ एका ओळीचं आहे : केवळ कराराने आलेली देणी फेडता येत नाहीत म्हणून कुणालाही तुरुंगात टाकता येणार नाही.

आता आपल्याकडचं चित्र घ्या. समजा रावेरकडच्या एका शेतकऱ्याने खताच्या दुकानदाराकडून दीड लाखाचा माल उधारीवर नेला. जूनच्या वादळात केळीचा बाग आडवा झाला. दुकानदाराने दावा लावला, पैसे देण्याचा कोर्टाचा हुकूमनामा मिळवला, पैसे येईनात म्हणून दरखास्त दाखल केली आणि अर्ज दिला : याला दिवाणी कैदेत टाका. (कैद्याच्या जेवणाखाणाचा भत्ता अर्ज करणाऱ्यालाच भरावा लागतो, हे कळल्यावर बरेच जण थंडावतात, ते वेगळं.) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ मध्ये अशी अटक आहे. मात्र अट आहे की ऋणकोकडे आज पैसे देण्याची ऐपत असावी किंवा हुकूमनाम्याच्या तारखेनंतर कधी आलेली असावी, आणि तरी तो द्यायला नकार देत असावा किंवा टाळत असावा.

घोळ या ‘आलेली असावी’मध्ये आहे. मागच्या साली केळी विकून चार पैसे आले आणि ते आईच्या ऑपरेशनला गेले. ऐपत होती, पैसे दिले नाहीत, म्हणजे आत टाकायचं का? कलमाचे शब्द सरळ वाचले तर हो.

याच शब्दांवर फेब्रुवारी १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन हा निकाल झाला. हुकूमनामा सुमारे अडीच लाखांचा होता, मालमत्ता आधीच जप्त होती, वर अटकेचं वॉरंट. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आधी साफ सांगितलं की आंतरराष्ट्रीय करार आपोआप देशाचा कायदा होत नाही, कोर्टाला बांधतो तो आपला कायदा. पण मग त्यांनी कलम ५१ वाचलं ते त्या करारातल्या कलम ११ च्या आणि राज्यघटनेच्या कलम २१ च्या उजेडात. नुसती थकबाकी पुरत नाही, त्यात काहीतरी लबाडी हवी. ऋणकोच्या इतर निकडीच्या गरजा आणि अडचणीही तपासायला हव्यात. वॉरंटचा आदेश रद्द झाला आणि प्रकरण नव्याने चौकशीसाठी खालच्या कोर्टात परत गेलं.

म्हणून आमच्या रावेरच्या माणसाला नोटीस आली की तो उभा राहून सांगतो, ‘साहेब, पैसाच नही शे, ते देऊ कोठून?’ आणि कोर्टाला ते ऐकून घ्यावं लागतं. दुकानदाराने दाखवायचं असतं की हुकूमनाम्यानंतर आलेल्या पैशातून नवी मोटारसायकल घेतली, किंवा शेत भावाच्या नावावर केलं. ते दाखवता आलं तर अटक होऊ शकते. आणि कैद भोगून सुटला तरी कर्ज फिटत नाही, ते डोक्यावरच राहतं.

माझं मत असं की जाहीरनामा चालतो तो असा, आपल्याच कायद्यातल्या मोघम शब्दाला धरून. शब्द मोघम नसेल तर तो आत शिरत नाही. ‘ऐपत असो वा नसो, थकबाकीदाराला कैद’ असं कलमात लिहिलेलं असतं, तर कृष्ण अय्यर यांनाही करार पुढे करून ते पुसता आलं नसतं. मग घटनेच्या कलम २१ वरच लढावं लागलं असतं, किंवा संसदेने कायदा बदलायचा. तो अधिकार संसदेला कलम २५३ ने आहेच.

इथल्या सगळ्या कोर्टांत हरल्यावर थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे जावं म्हटलं, तर तीही वाट बंद आहे. वैयक्तिक तक्रारीसाठी त्या कराराला वेगळा ऐच्छिक पूरक करार जोडलेला आहे आणि भारताने तो स्वीकारलेला नाही. भाचीला म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, ‘मामा, गाईडात नाही हे, मार्क कापतील.’ कापू देत.