उशिराचा ई-मेल: कोणाला न दुखावता, काहीही न कळवता

क्लायंटचा फीडबॅक दोन आठवडे उशिरा आलाय, काम आता वेळेत होणार नाही, आणि हे त्याच क्लायंटला लिहून कळवायचंय? बसा, चहा घ्या. घाई करू नका, घाई त्यांनीही केलेली नाही.

उदाहरण आमच्याच डिझाइनच्या धंद्यातलं घेऊ. 2025 ची दिवाळी, एका मिठाईवाल्यांचे काजूकतलीचे बॉक्स. डिझाइन 20 ऑगस्टला पाठवलं, फीडबॅक 25 ला यायचा होता, 3 सप्टेंबरला बॉक्स मशीनवर चढणार होते आणि 18 ला दुकानात पोचणार होते. मध्ये गणपती आले. गणपतीत मोदकांचा हंगाम, बॉक्सकडे बघायला सवड कोणाला? अनंत चतुर्दशी झाली, विसर्जन झालं आणि 8 सप्टेंबरला फीडबॅक अवतरला: "मस्त आहे. फक्त लाल जरा कमी करा."

आता ई-मेल. सुरुवात "काही अपरिहार्य कारणांमुळे" अशी करा. कारण लिहायचंच नाही. 25 ऑगस्ट आणि 8 सप्टेंबर या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या तर समोरच्याला वजाबाकी करावी लागेल, आणि पाहुण्याला कोणी गणितं घालतं का? त्यानंतर किमान तीनदा दिलगिरी व्यक्त करा. पहिल्या दिलगिरीला क्लायंटला वाटतं तुम्ही नम्र आहात. दुसरीला वाटतं चूक तुमचीच आहे. तिसरीला ते बिलातून किती कापायचे याचा विचार करू लागतात.

नव्या तारखेबद्दल "लवकरात लवकर" असं लिहा. तारीख लिहायचाच मोह झाला तर फीडबॅक जितके दिवस उशिरा आला तितकेच दिवस पुढे सरका: 18 अधिक 14, म्हणजे 2 ऑक्टोबर, दसरा! मुहूर्तही साधला. छापखान्याला फोन अजिबात करू नका. केलात तर कळेल की आपला 3 तारखेचा नंबर दुसऱ्याला गेलाय, दिवाळीआधी मशीन भरलेलं आहे आणि पुढची जागा 22 सप्टेंबरला, घटस्थापनेला आहे. तिथून छपाई, लॅमिनेशन, सोनेरी फॉइल, डाय पंचिंग आणि पेस्टिंगचे मिळून पंधरा दिवस धरले की 7 ऑक्टोबर. चौदा दिवसांच्या उशिराचे एकोणीस झाले! हे वरचे पाच दिवस क्लायंटला आधीच सांगून त्यांचा नवरात्र कशाला खराब करायचा? 2 तारखेला ते रिकामा टेम्पो घेऊन येतील तेव्हा समोरासमोर बोला, आपुलकी वाढते.

काही अरसिक लोक मात्र असला मेल लिहितात:

"नमस्कार. बॉक्स आता 18 सप्टेंबरऐवजी 7 ऑक्टोबरला मिळतील. डिझाइनवरचा फीडबॅक 25 ऑगस्टऐवजी 8 सप्टेंबरला मिळाला, त्यामुळे 3 तारखेचं मशीन गेलं. पुढचं 22 ला आहे. अंतिम प्रूफ 15 ला पाठवतो. 17 च्या संध्याकाळी सहापर्यंत लेखी मंजुरी हवी, नाहीतर 22 चं मशीनही जाईल. सोनेरी फॉइल वगळलं तर चार दिवस वाचतात, बॉक्स 3 ऑक्टोबरला. कोणता पर्याय, ते 12 तारखेपर्यंत कळवा."

पाहा हा कोरडेपणा! ना "आपल्या व्यग्र दिनक्रमाची कल्पना आहे", ना टोमणा. क्लायंटला रागवायला जागाच नाही, बिचाऱ्याला फॉइल ठेवायचं की नाही एवढंच ठरवावं लागतं. शिवाय 7 तारीख ऐकून त्यांनी कंपन्यांच्या ऑर्डरी त्याप्रमाणे लावल्या तर आपल्याला रात्री अकराला फोन कोण करणार?

मंजुरी एकाच माणसाने द्यावी असंही चुकूनसुद्धा लिहू नका. शेठ व्हॉट्सअॅपवर लाल कमी करायला सांगतात, चिरंजीव मेलवर लाल वाढवायला सांगतात आणि वहिनींना मुळात जांभळा हवा असतो. लोकशाही आहे. तिघांचं ऐका, तीन प्रूफ काढा आणि 17 तारीख कशी उलटते ते पाहत बसा.

राहता राहिली पाठवायची वेळ. शुक्रवारी संध्याकाळी सात उत्तम. मी माझा तीन दिलगिऱ्यांचा, बिनतारखेचा मेल याच मुहूर्तावर पाठवला होता. सोमवारी उत्तर आलं, एका ओळीचं.

"काही हरकत नाही. बॉक्स 18 ला सकाळी पाठवताय की दुपारी?"