क्रॉस-व्हॅलिडेशनचे ९४ टक्के आणि राखून ठेवलेला हंगाम

दावा: "दहा फोल्डचं क्रॉस-व्हॅलिडेशन केलं, अचूकता ९४ टक्के आली, विषय संपला. टेस्ट सेट वेगळा ठेवणं म्हणजे डेटा वाया घालवणं. पेपरात हाच आकडा द्या."

नाशिककडचंच उदाहरण घेऊ. समजा, निफाड-दिंडोरीतल्या ४० द्राक्षबागा, तीन हंगाम, आणि गोडी छाटणीनंतर रोज एक नोंद असे ६० दिवस. एकूण ७,२०० ओळी. उद्या डावणी रोग दिसेल का, हे मॉडेलने सांगायचं.

पहिली गोष्ट, हे फोल्ड पाडले कसे? ओळी नुसत्या पिसल्या तर एकाच बागेचा मंगळवार प्रशिक्षणात जातो आणि बुधवार तपासणीत. दोन्ही दिवशी पानांवरचा ओलावा जवळपास सारखा, रोगाची स्थितीही तीच. मॉडेल डावणी ओळखत नाही, बाग ओळखतं. म्हणून अख्खी बाग एकाच फोल्डमध्ये हवी (`GroupKFold`). स्केलिंग आणि फीचर-निवडही प्रत्येक फोल्डच्या आत, फक्त प्रशिक्षणाच्या भागावर.

दुसरी, फोल्ड नीट पाडले तरी त्याच आकड्यावरून वीस पर्यायांतलं सर्वोत्तम मॉडेल निवडलं असेल, तर तो आकडा थोडा फुगलेलाच असतो; विजेत्याच्या यशात नशिबाचाही वाटा असतो. फोल्डांमधलं "± १"देखील कॉन्फिडन्स इंटरव्हल नाही, कारण प्रशिक्षणाचे भाग एकमेकांवर चढलेले असतात.

म्हणून शेवटचा हंगाम बाजूला ठेवायचा. निवड पूर्ण झाल्यावर एकदाच उघडायचा. त्यात २,४०० ओळी, रोगाच्या १४४. मॉडेलने ९० पकडल्या, ५४ सुटल्या, २१० वेळा उगाच इशारा दिला, उरलेल्या २,०४६ वेळा "रोग नाही" हे बरोबर सांगितलं. अचूकता ८९ टक्के. आता गंमत बघा: रोज "रोग नाही" म्हणणारा माणूस इथे ९४ टक्के मिळवतो! पेपरात द्यायचं ते हे: संवेदनशीलता ६२.५ टक्के, दहा इशाऱ्यांपैकी तीन खरे, आणि त्या चारही संख्या. कॉन्फिडन्स इंटरव्हल बागनिहाय बूटस्ट्रॅपने काढा, कारण एका बागेतल्या ओळी स्वतंत्र नसतात.

मजकूर असा: "पहिल्या दोन हंगामांवर बागनिहाय ५-फोल्ड क्रॉस-व्हॅलिडेशनने मॉडेल निवडले, तिसरा हंगाम निवडीत वापरला नाही." मात्र बागा त्याच आहेत, तेव्हा नव्या बागेबद्दल दावा करू नका. सांगलीबद्दल तर नकोच.

डेटा वाया जातो का? नाही. आकडे नोंदवल्यावर शेतकऱ्यांना द्यायचं मॉडेल तिन्ही हंगामांवर पुन्हा शिकवता येतं. फक्त नोंदवलेला आकडा आधीच्या मॉडेलचा, हे लिहायचं.

दाव्यात तथ्य एवढंच: बागा दहा-बाराच असतील तर राखीव तुकडा इतका लहान पडतो की आकडा डोलत राहतो. तिथे नेस्टेड क्रॉस-व्हॅलिडेशन करावं, म्हणजे निवड आतल्या फेरीत आणि मोजणी बाहेरच्या, आणि पेपरात तसंच लिहावं.