उन्हाळ्यात या म्हणालो, तिथेच चुकलं

फोनवर मी एवढंच म्हणालो होतो, "काका, मेलबर्नला यायचं तर उन्हाळ्यात या, थंडी तुम्हाला झेपणार नाही." झालं. मेच्या शेवटच्या आठवड्यात काका-काकू पहाटे एअरपोर्टवर हजर, हाफ शर्ट आणि सुती साडी. बाहेर सात डिग्री.

"हा तुझा उन्हाळा?"

म्हटलं, काका, इथे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. हिवाळा एक जूनपासून ऑगस्टअखेर, म्हणजे ऑफिशियली तर तो अजून सुरूपण झालेला नाही. हे ऐकून काकूंनी डोळे मिटून घेतले.

काका बँकेतून रिटायर, समोरच्याचं एका फटक्यात मान्य करायची सवयच नाही. "दक्षिण म्हणजे गरम. दिल्लीपेक्षा चेन्नईत थंडी कमी की नाही?" अहो, पण चेन्नई विषुववृत्ताच्या वरच आहे, ते ओलांडून आणखी खाली गेलं की परत गारच होत जातं, आणि मेलबर्न पार 38 अंशांवर. "बरं, बॉक्सिंग डे टेस्ट बघायला तुम्ही पहाटे पाचला उठता ना, शाल पांघरून? तेव्हा इथे स्टेडियममधले लोक टोप्या घालून, सनस्क्रीन फासून बसलेले दिसतात की नाही?"

"ते नाताळ असतो म्हणून."

शेवटी मी लिंबात काकूंची विणकामाची सुई खुपसली, साडेतेवीस अंश तिरकी धरली आणि टेबललॅम्पभोवती फिरवून दाखवली. सुईचा कल बदलायचा नाही. लॅम्पच्या या बाजूला खालचं अर्धं लिंबू उजेडाकडे झुकतं, तो आमचा डिसेंबर. पलीकडे गेलं की वरचं झुकतं, तो जून, म्हणजे ऊन तुम्हाला आणि हीटरचं बिल मला. काका म्हणाले, "पण जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जास्त जवळ असते." हे खरंय, म्हणूनच जास्त राग आला. मग जानेवारीत पुण्यात स्वेटर का घालता? "पुण्याची थंडी वेगळी." संपला विषय.

आणि काकूंनी धुणं दक्षिणेच्या बाल्कनीत वाळत घातलं, थंडीत ऊन तिकडूनच येतं म्हणून. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. तीन दिवस टॉवेल ओलाच. त्याला वास यायला लागला तेव्हा दोषी कोण, तर मी. लहानपणापासून संक्रांतीला काळे कपडे घालायचे ते थंडीत ऊब मिळावी म्हणून, आणि इथल्या हळदीकुंकवाला चाळीस डिग्रीत काळी साडी नेसून बायका तिळगूळ वाटतात, त्यांना कुणी काही विचारत नाही, मलाच सगळे विचारतात!

आता मी ऋतूचं नावच घेत नाही, सरळ महिना सांगतो. पण पुण्यात सगळीकडे झालंय, की पोराने म्हाताऱ्यांना फसवलं.

काल भाचीचा फोन. "मामा, आम्ही नाताळच्या सुट्टीत येतोय, हिवाळाच ना तिकडे? चार थर्मल घेऊन ठेवलेत."

म्हटलं, आजच कुरिअर कर, काकांच्या मापाचे असतील तर.