बॅग मागे राहिली म्हणे!

घराबाहेर पडताना आई दारात उभी राहून विचारायची, “किल्ली? पाकीट? रुमाल? डबा?” आपण चौघांची हजेरी दिली की मगच दार उघडायचं. हल्ली हे काम मी ॲपलच्या ‘एअरटॅग’ नावाच्या, पाच रुपयांच्या नाण्याहून जरा मोठ्या, पांढऱ्या चकत्यांना दिलं आहे. एक चकती किल्ल्यांना, एक प्रवासी बॅगेत, एक छत्रीच्या दांड्याला. फरक एवढाच, की आई उंबऱ्याच्या आत विचारायची आणि चकती आपण कात्रजला पोचल्यावर सांगते.

यात चकतीचा अपराध नाही. तिच्यात जीपीएस नसतं, सिमकार्ड नसतं, आणि ‘मालक निघाला’ हे कळायला डोकं तर नसतंच. मुख्यतः असतं काय, तर घड्याळाच्या बॅटरीसारखी एक गोल बॅटरी आणि ब्लूटूथ. ती अधूनमधून ‘मी इथे आहे’ असं पुटपुटते. फोन जवळ असेल तर तो ते ऐकतो. ऐकू येईनासं झालं आणि फोन स्वतः त्या जागेपासून पुरेसा लांब सरकला, की तो निष्कर्ष काढतो: वस्तू मागे राहिली. म्हणजे आधी दुरावा घडावा लागतो, मग फोनची खात्री पटावी लागते आणि त्यानंतर वार्ता येते. पायी चालणारा तोवर चौकात पोचलेला असतो. बसने जाणाऱ्याचं तालुक्याचं ठिकाणही बदललेलं असू शकतं.

मुख्य गोम पुढेच आहे. चकतीला ‘दुरावा’ कळतो, ‘विसरणं’ कळत नाही. एका लग्नाच्या हॉलमधून मी ऑफिसला निघालो आणि बायको जेवणासाठी थांबली. किल्ल्या तिच्या पर्समध्ये. मी सिग्नलला पोचतो तोच फोन थरथरला, किल्ल्या मागे राहिल्या. बायको मागे राहिली याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. आता या सूचनेला खोटी म्हणावं तर किल्ल्या खरोखरच मागे होत्या. खरी म्हणावं तर मला त्या तिथेच हव्या होत्या.

पण खरा घाम फुटला तो स्वारगेट-कोल्हापूर प्रवासात.

सासुरवाडीला निघालो होतो. कंडक्टरने माझी बॅग पाहूनच सांगितलं, “ही वर बसणार नाही साहेब, डिकीत टाका.” टाकली. डिकीचं झाकण धाडकन बंद झालेलं मी स्वतः ऐकलं. खिडकीजवळ बसलो. गाडी कात्रजचा नवा बोगदा ओलांडून बाहेर आली आणि फोनवर उमटलं, की तुमची बॅग स्वारगेटजवळ मागे राहिली आहे.

अशा वेळी माणूस आपल्या डोळ्यांवरचा विश्वास पटकन सोडतो. डिकीत मी बॅग ठेवताना पाहिली होती. पण फोन म्हणतोय म्हणजे नंतर कुणी काढली असेल. त्या चौकटीच्या शर्टवाल्याने काढली असेल. तो मघापासून उगाच तिथे घुटमळत होता. एका सूचनेच्या जोरावर मी एका निरपराध माणसाला चोर ठरवून मोकळा झालो आणि कंडक्टरकडे गेलो.

“मास्तर, गाडी जरा थांबवता? बॅग स्वारगेटला राहिली बहुतेक.”

“डिकीत टाकली ना तुम्ही?”

“टाकली.”

“मग?”

“फोन म्हणतोय राहिली.”

कंडक्टरने फोनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं. “डिकी फोनने बंद केली का मी?” एवढं विचारून ते तिकिटांचा हिशेब लावायला बसले.

जागेवर येऊन मी फोनमधलं वस्तू शोधायचं ॲप, `Find My`, उघडलं. असा घोळ झाला की लोक नकाशावरचा ठिपका बघतात आणि छाती धरतात. बघायची असते ती ठिपक्याखालची वेळ. माझ्या बॅगेचा ठिपका स्वारगेटवर होता, पण खाली लिहिलं होतं की हे दर्शन पंचवीस मिनिटांपूर्वीचं. म्हणजे गाडीला टेकून उभा असताना माझ्याच फोनने तिला शेवटचं ऐकलं होतं. नंतर बॅग पत्र्याच्या पेटीत गेली, वर लोखंडी तळ, बाजूला इतरांच्या ट्रंका आणि कुणाचं तरी तांदळाचं पोतं. ब्लूटूथची कुजबुज एवढ्या लोखंडातून वर माझ्या खिशापर्यंत येणं कठीणच. फोनला आवाज बंद झालेला कळला, गाडी धावतेय हे कळलं, आणि त्याने हिशेब मांडला. हिशेब नियमाला धरून होता, उत्तर तेवढं चुकलं.

आता स्वारगेटचा विचार करा. चकती स्वतःचा पत्ता स्वतः कळवत नाही. शेजारून जाणाऱ्या कुणाच्याही आयफोनने तिची कुजबुज ऐकली, की तो गुपचूप आपली जागा तिच्या नावावर कळवतो. त्या फोनच्या मालकाला याचा पत्ताही नसतो. सगळ्यांच्या हातात आयफोन नसतो आणि अँड्रॉइडवाल्यांचा या निरोपात हातभार नाही, हे मान्य. तरी स्वारगेट म्हणजे स्वारगेट. माझी बॅग तिथे फलाटावर बेवारस पडली असती, तर पंचवीस मिनिटांत कुणी ना कुणी आयफोनवाला तिच्यावर ठेचकाळून गेलाच असता आणि वेळ ताजी झाली असती. गजबजलेल्या जागी जुनीच वेळ चिकटून राहिलेली दिसते तेव्हा वस्तू बहुधा तिथे नसते. उलट ठिपका स्वारगेटवरच असता आणि खाली ‘आत्ता’ लिहिलेलं असतं, तर मी मास्तरांच्या पाया पडून गाडीतून उतरलो असतो. हे गणित निर्जन जागी मात्र चालत नाही. घाटातल्या एखाद्या देवळापाशी पिशवी राहिली, तर तिथून कुणी जाईपर्यंत ठिपका जुनाच राहणार आणि त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही.

खेड शिवापूरच्या टोलनाक्याला गाड्यांची रांग होती. आमच्या डाव्या अंगाला, बरोबर डिकीच्या बाजूला, एक पांढरी मोटार चिकटून उभी राहिली. आत चार तरुण, चौघेही फोनमध्ये. थोड्या वेळाने माझा ठिपका टुणकन उडाला आणि स्वारगेटवरून खेड शिवापूरला येऊन बसला. बॅग माझ्याबरोबरच प्रवास करत होती. चौकटीच्या शर्टवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

हे मास्तरांना सांगायला गेलो, तर त्यांनी पुरावा मागितला. चहासाठी शिरवळच्या अलीकडे गाडी थांबली, तेव्हा मी त्यांना डिकीपाशी घेऊन गेलो. चकती हाकेच्या अंतरात, म्हणजे ब्लूटूथच्या टप्प्यात असेल तर `Play Sound` दाबल्यावर ती वाजते. ती वाजली म्हणजे पुढचा वाद संपला. मास्तरांनी झाकण उघडलं, मी बटण दाबलं. तांदळाच्या पोत्यामागून बारीक किलबिल ऐकू आली.

“हे बरंय,” मास्तर म्हणाले. “आमच्या गाडीत दर फेरीला कुणाची ना कुणाची छत्री राहते. ही चकती लावली तर मला कळेल का?”

“तुम्हाला नाही, ज्याची छत्री त्याच्या फोनवर कळेल.”

“म्हणजे तो उतरून घरी पोचला की त्याला कळणार, आणि छत्री माझ्याकडे.” जरा विचार करून ते म्हणाले, “हे आत्ताही असंच होतं की.” आणि चहाला गेले.

अशा हाकाट्या कमी करायचा मार्ग आहे, तो म्हणजे सूट. `Find My` मध्ये `Items` खाली वस्तू निवडायची, `Notify When Left Behind` मध्ये जायचं आणि ज्या जागी ती वस्तू मागे राहिली तरी बोंब नको, ती जागा यादीत घालायची. आपलं घर फोनला ठाऊक असेल तर त्याला सूट बहुतेक आधीच मिळालेली असते. म्हणून तर घरातून किल्ल्या न घेता निघालं, तरी फोन ढिम्म हलत नाही. पुष्कळ लोक याच गोष्टीवर चिडतात, की ऐन गरजेच्या वेळी हा गप्प का?

सूट दिलेल्या जागांची यादी वस्तूगणिक वेगळी असते, ही यातली शहाणपणाची सोय. ऑफिसच्या खणात माझी जादा किल्ली कायम असते, तिला ऑफिसची सूट. लॅपटॉपच्या बॅगेला ऑफिसची सूट अजिबात नाही, कारण ती तिथे राहिली तर मला कळायलाच हवं. आळसाने सगळ्या वस्तूंना सगळ्या जागा वाटल्या की फोन शांत होतो खरा, पण आपण वस्तू विसरतो त्या याच ओळखीच्या, निवांत जागी. अनोळखी ठिकाणी माणूस बॅग मांडीवर घेऊन बसतो. आणि डिकीला सूट देता येत नाही, कारण सूट जागेला असते आणि डिकी तर ताशी सत्तर किलोमीटरने पळत असते. तिथे ठिपक्याखालची वेळ बघणं हाच उपाय.

कोल्हापुरात तीन दिवस पाऊस लागला होता. निघताना सासऱ्यांना माझी छत्री इतकी आवडली, की ती त्यांना ठेवून घ्या म्हणालो. शिरोली नाका सोडतो न सोडतो तोच फोन: छत्री मागे राहिली. माहीत आहे बाबा, दिली ती. मी तिथल्या तिथे छत्रीच्या यादीत सासुरवाडी घातली आणि विषय मिटवला.

बायकोने मागून डोकावून यादी वाचली. “माझ्या माहेराला सूट कशाला?”

“तिथे राहिलेली वस्तू हरवत नाही.”

“हरवत नाही, पण परतही येत नाही.”

चार दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. आधी पावसाची चौकशी, मग मुलांची, मग जरा दबक्या आवाजात, “अहो, तुमच्या छत्रीत रातकिडा शिरलाय. हे सकाळी फिरायला निघताना उचलतात आणि तो ओरडायला लागतो. काल उन्हात उघडी ठेवली, झटकली, धूप दाखवला. जात नाही.”

मालकापासून आठ ते चोवीस तास लांब राहिलेली चकती कुणी हलवली की आपणहून वाजते. कुणाच्या पिशवीत चकती टाकून त्याचा माग काढू नये, म्हणून केलेली ही तजवीज. सासऱ्यांचा फोन साधा, त्यामुळे त्यांना पडद्यावर इशारा मिळण्याचा प्रश्न नव्हता, फक्त किलबिल. मी हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे हे रोज सकाळी कुठे जातात, ते तुम्हाला पुण्यात दिसतं?”

मी ठिपका पाहिला होता. रंकाळ्यावर तो फारसा फिरत नव्हता. एका मिसळीच्या दुकानापाशी बराच वेळ बसत होता. सासऱ्यांना डॉक्टरांनी तेलकट बंद केलं होतं.

“नाही,” मी म्हणालो, “तिकडे नीट रेंज येत नाही.”