चावी दिली म्हणजे गाडी गेली, पण जबाबदारी?

सध्या व्हॉट्सॲपवर फिरत असलेला मजकूर असा: "जुनी गाडी विकताना घाबरू नका. पैसे हातात आले, चावी दिली आणि स्टॅम्पपेपरवर 'आजपासून सर्व जबाबदारी घेणाऱ्याची' असं लिहून घेतलं की तुम्ही मोकळे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्या, आरटीओचं पुढचं काम घेणाऱ्याचं. आरसीवर तुमचं नाव राहिलं तरी अपघाताची भरपाई ज्याच्या ताब्यात गाडी त्यालाच द्यावी लागते. आणि तसंही विमा कंपनी बसलीच आहे."

मोटार अपघात न्यायाधिकरणात दोन्ही बाजूंनी वकिली करताना हा समज मला वरचेवर भेटतो. एक निवृत्त गृहस्थ आले होते, त्यांनी तर स्टॅम्पपेपर लॅमिनेट करून आणला होता. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या स्कूटरनं एकाला उडवलं होतं आणि समन्स यांच्या दारात. "वकीलसाहेब, मला तर गाडी कुठं आहे हेही माहीत नाही," असं ते पुन्हापुन्हा सांगत होते. ते खरंच होतं. पण भरपाईच्या दाव्यात त्या खरेपणाचा उपयोग फार थोडा.

मूळ मुद्दा ताब्याचा, म्हणून तोच आधी घेतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) मध्ये 'मालक' कोण हे लिहून ठेवलंय: ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो. ताब्याचा उल्लेख त्यात आहे, पण भाडेखरेदी, लीज किंवा कर्जाच्या तारण-करारातल्या गाडीपुरता. त्या करारानं गाडी ज्याच्याकडे आहे तो मालक धरला जातो, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेवर अपघाताचं ओझं येत नाही. साध्या विक्रीला ही सवलत नाही. लोक व्याख्येचा हा शेपटीकडचा भाग ऐकतात आणि सगळ्या गाड्यांना लावतात.

या गैरसमजाला एक जुनं मूळही आहे. १९३९ च्या कायद्यातल्या 'मालका'च्या व्याख्येत नोंदणीला असं स्थान नव्हतं. त्यामुळे वस्तू दिली, किंमत घेतली, मालकी गेली, हा मालविक्रीचा नियम अपघाताच्या दाव्यातही पुढे करता येत असे. १९८८ मध्ये व्याख्याच बदलली. कायदा बदलून साडेतीन दशकं झाली, कट्ट्यावरचा सल्ला मात्र अजून जुन्याच कायद्यावर चालतो.

याचा स्वच्छ निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिला. निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं आहे. २७ मे २००९ ला रिव्हर्स येणाऱ्या एका गाडीखाली एक बाई आणि त्यांचा भाचा सापडले. बाई जखमी झाल्या, भाचा गेला. आरसीवर ज्याचं नाव होतं त्याचं म्हणणं, मी जुलै २००७ मध्येच गाडी विकली. ज्याला विकली तो म्हणाला, मी सप्टेंबर २००८ मध्ये पुढे विकली. तिसऱ्यानं चौथ्याकडे बोट दाखवलं आणि चौथ्यानं पाचव्याकडे. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती, आणि गाडीचा विमा नव्हता.

न्यायाधिकरणानं मृत्यूबद्दल ३,७५,००० आणि जखमेबद्दल १०,००० रुपये मंजूर केले आणि ते नोंदणीकृत मालकानं आणि ड्रायव्हरनं मिळून द्यावेत असं ठरवलं. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं ते फिरवून चौथ्या माणसावर टाकलं, कारण व्यवहारात गाडी त्याच्यापर्यंत पोचल्याचं दिसत होतं. व्हॉट्सॲपवरचा तर्क हाच आहे. सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द करून जबाबदारी पुन्हा पहिल्यावर आणि ड्रायव्हरवर आणली. कारण अगदी व्यवहारी होतं. ज्याचं माणूस गेलंय त्यानं गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत का फिरावं? अपघातानंतर त्याच्या हाती नंबरप्लेट असते, आणि त्या नंबरावरून आरटीओच्या नोंदीत जे नाव निघतं तोच त्याच्यासाठी मालक. तुमचा खासगी व्यवहार त्याला दिसत नाही, आणि तो दिसावा अशी अपेक्षा कायदाही करत नाही.

मग लॅमिनेट केलेल्या कागदाचं काय? शंभराचा असो की पाचशेचा, स्टॅम्पपेपर तुम्हा दोघांना बांधतो. अपघातग्रस्त त्या करारात कुठंच नाही, त्यामुळे त्याचा हक्क त्या ओळीनं कमी होत नाही. कागद निरुपयोगी मात्र नाही. तुम्हाला पैसे भरावे लागले तर त्याच्या जोरावर घेणाऱ्याकडून ते वसूल करायला तुम्ही दिवाणी न्यायालयात जाऊ शकता. फक्त ती तुमची वेगळी लढाई, तुमच्या खर्चानं, आणि घेणारा सापडला तर. तोवर भरपाईचा आदेश तुमच्यावर चालतो. रक्कम भरली नाही तर कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. घर-जमीन असलेला माणूस या वसुलीला आयता सापडतो. ज्याच्या नावावर काही नाही तो गाडी चालवणारा पोरगा कुणाला सापडतो?

आता त्या दोन फॉर्मांचं. इथला सल्ला अर्धवट नाही, सरळ उलटा आहे. कलम ५० नं पहिलं काम विकणाऱ्यावर टाकलंय. गाडी त्याच राज्यात राहणार असेल तर विक्रीपासून १४ दिवसांत त्यानं फॉर्म २९ नं आरटीओला कळवायचं आणि त्याची प्रत घेणाऱ्याला द्यायची. घेणाऱ्यानं ३० दिवसांत फॉर्म ३० नं आपल्या नावासाठी अर्ज करायचा. म्हणजे कोऱ्या फॉर्मांवर सह्या ठोकून देताना तुम्ही स्वतःचं काम दुसऱ्याच्या खिशात घालत असता. व्यवहारात पुढं होतं ते असं: घेणारा गाडी थोडे दिवस वापरून विकणारच असतो, आपल्या नावावर करायचा खर्च त्याला नको असतो, म्हणून तुमच्या सहीचा कोरा कागद गाडीबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो. वर सांगितलेल्या प्रकरणातली पाच माणसांची साखळी अशाच सवयीनं तयार होते. आणि फॉर्म २९ वेळेत दिला म्हणून निर्धास्त होऊ नका. तुमच्या हातात पोच राहते ही मोठी गोष्ट, पण सुटका होते ती नोंदीतलं नाव बदलल्यावर.

नाव बदलायला मुदत आहे, मग त्या मुदतीत अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयासमोर डिसेंबर २०१८ मध्ये असं प्रकरण आलं होतं. विक्री सप्टेंबर २००९ ची, अपघात पुढच्या महिन्यातला. घेणाऱ्याला ३० दिवस आहेत म्हणून नोंदणीकृत मालक तेवढ्यापुरता सुटत नाही, असंच न्यायालयानं म्हटलं. त्या गाडीला विमा होता, म्हणून पैसे कंपनीनं द्यायचे ठरले.

विमा कंपनी 'बसलीच आहे' हे सगळ्यात फसवं वाक्य, कारण ते काही वेळा खरं ठरतं. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की तिच्याबरोबर थर्ड पार्टी विमाही घेणाऱ्याकडे गेला असं धरलं जातं. कंपनीला कळवलं नव्हतं एवढ्यावरून कंपनी अपघातग्रस्ताचे पैसे नाकारू शकत नाही. १९९३ मध्ये विकलेल्या एका ट्रकचा १९९४ मध्ये अपघात झाला. मधल्या काळात घेणाऱ्यानं विमा जुन्या मालकाच्याच नावानं काढला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जुन्या मालकाला जबाबदार धरलं, आणि त्याचा विमा म्हणून कंपनीलाही.

पण ही ढाल दोन ठिकाणी फुटते. विमा असतो वर्षाचा. तो संपल्यावर नूतनीकरण करायचं की नाही हे आता ज्याच्याकडे गाडी आहे तो ठरवतो, आणि जुन्या मोटारसायकलीचा विमा किती जण भरतात ते तुम्हाला माहीतच आहे. दुसरं, चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं तर न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी अपघातग्रस्ताचे पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. तो मालक म्हणजे परत तुम्हीच. गाडी कुणाच्या हाती दिली, त्याच्याकडे लायसन्स होतं का, हे तुम्ही पाहिलंत का, असं विचारलं की तुमच्याकडे सांगायला काही नसतं.

मजकुरात थोडं खरंही आहे. बेदरकार चालवण्याचा गुन्हा चालवणाऱ्यावर दाखल होतो, आरसीवर नाव आहे म्हणून तुमच्यावर नाही. पोलीस कलम १३३ खाली तुम्हाला ड्रायव्हरची माहिती मात्र विचारतात, आणि इथं तुमचा करार, घेणाऱ्याच्या आधारची प्रत, बँकेतून आलेले पैसे हे सगळं कामाला येतं. अपवाद अल्पवयीन चालकाचा. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९९अ मध्ये पालकाबरोबर मालकालाही दोषी धरून चालतात, आणि मला माहीत नव्हतं हे त्यानं सिद्ध करायचं असतं.

शोरूमला एक्स्चेंजमध्ये किंवा जुन्या गाड्यांच्या डीलरला गाडी दिली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून एक चांगली सोय आहे. डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र असेल आणि गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर गेली, तर तिथून पुढे कायदा त्या डीलरलाच मालक धरतो. कोपऱ्यावरच्या कमिशन एजंटाला ही सोय लागू नाही. म्हणून चावी देण्याआधी अधिकारपत्र पाहायचं आणि २९सी ची पोच मागायची.

गाडी आधीच गेली असेल तर parivahan.gov.in किंवा mParivahan वर नंबर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धं तारे घालून दाखवतात, पण आपलं नाव ओळखू येतं. विम्याची मुदतही तिथंच दिसते. नाव तुमचंच असेल तर घेणाऱ्याला रजिस्टर्ड एडी पत्र पाठवा, आणि कराराच्या प्रतीसह आरटीओला लेखी कळवून पोच घ्या. विमा संपलेला असेल तर माझा सल्ला लोकांना विचित्र वाटतो: घेणारा दाद देत नसेल तर थर्ड पार्टी विमा तुम्हीच भरा. २०२२ च्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला तो वर्षाला २,०९४ रुपये होता, कर वेगळा. "विकलेल्या गाडीचा विमा मी का भरू?" असं ते निवृत्त गृहस्थही म्हणाले होते. त्यांच्या स्कूटरचा विमा अपघाताच्या चार महिने आधी संपला होता.